फोनवरचा भाव

शहाद्याच्या बाजारात घेवरचंदांचं भांड्यांचं दुकान होतं. त्यांची सून चांदनी बरेच दिवस दुपारच्या निवांत वेळात मालाचे फोटो काढत होती. स्टीलचा फोटो नीट येत नसे. डब्याच्या पोटात तिचाच चेहरा आणि मागची मोटरसायकल दिसायची. शेवटी तिने सावलीत पांढरी चादर टांगली आणि जरा बाजूला उभं राहून फोटो घेतले. दुकानाच्या व्हॉट्सअॅप बिझनेसवर कॅटलॉग उघडून एकेक वस्तू चढवली. फोटो, नाव, किती नग, किती लिटर. प्रत्येक वस्तू थोडा वेळ तपासणीत राहायची, मग गिऱ्हाइकांना दिसायला लागायची.

भावाचा रकाना मात्र रिकामा होता. घेवरचंदांनी बजावलं होतं, "भाव टाकू नकोस, बेटा. भाव माणूस बघून सांगायचा असतो."

तो रकाना भरलाच पाहिजे अशी अट नव्हती. तिने तो तसाच सोडला आणि कॅटलॉगची लिंक स्टेटसवर ठेवली. फोन वाजायला लागला. सगळ्यांचा प्रश्न एकच, भाव काय? ती सासऱ्यांना विचारून उत्तर देईपर्यंत समोरचा गप्प झालेला असायचा. नवरा रिषभ माल आणायला बाहेरगावी गेला होता. एका सकाळी तिने धीर केला. घासाघीस झाल्यावर सासरे ज्या भावाला वस्तू देत, तोच भाव तिने प्रत्येक वस्तूपुढे टाकला. सासऱ्यांना संध्याकाळी सांगू, असं मनाशी ठरवलं.

दुपारीच जामसिंग आला. धडगावकडच्या पाड्यावरचा, दुकानाचं जुनं गिऱ्हाईक. मोठ्या मुलीचं, रविनाचं लग्न होतं. बरोबर बायको रेवाबाई आणि शहाद्यात नर्सिंग शिकणारी धाकटी, संध्या.

"या जामसिंगभाऊ, बठा," घेवरचंद म्हणाले.

जामसिंगने डब्यांच्या मोठ्या सेटकडे बोट केलं.

"बत्तीसशे."

जामसिंगने मान हलवली आणि खिशात हात घातला. तो कधीच घासाघीस करत नसे. घरी आपली पावरी बोली बोलणारा माणूस. बाजारच्या बोलीत हुज्जत घालायला त्याची जीभ वळायची नाही.

"बाबा, थांबा." संध्याने फोन पुढे केला. "शेठजी, आठे चोवीसशे लिखेल शे."

घेवरचंद हसले. "तो जुना भाव व्हई."

"काल आठे भावच नव्हता. आज ऊना."

घेवरचंदांचं हसू मावळलं. ते सुनेकडे वळले. "चांदनी, सांग यांना. जुना आहे ना?"

चांदनीने एक 'हो' म्हटलं असतं तर सगळं निभावून गेलं असतं. सासऱ्यांचा शब्द तिने चारचौघांत कधी खाली पडू दिला नव्हता. रेवाबाई तिच्याकडे बघत होती. रागाने नाही, नुसती वाट बघत.

"नाही बापूजी," ती म्हणाली. "आज सकाळीच मी टाकला. आपण याच भावाला देतो."

जामसिंगने पैसे परत खिशात ठेवले. "मागला साले स्टीलना मोठा हंडा लिधा व्हता. त्याना भाव बी आठे शे का?"

संध्याने फोनचा पडदा बोटाने सरकवला आणि बापाला पावरीत हंड्याचा भाव सांगितला. त्याने दिले होते त्याहून बराच कमी. जामसिंग उठला. तिघंही दुकानाच्या पायऱ्या उतरून गेले.

"आत्ताच्या आत्ता काढ सगळे भाव," घेवरचंद दबक्या आवाजात म्हणाले. "इतक्या वर्षांचं गिऱ्हाईक घालवलंस."

चांदनीने पहिली वस्तू बदलायला उघडली. "काढते. पण फोनवर विचारतात त्यांना काय सांगू, बापूजी? तिथे माणूस दिसत नाही."

तिने एका वस्तूचा भाव पुसला, तेवढ्यात दुसरं गिऱ्हाईक आलं आणि बाकीचे तसेच राहिले.

तासाभराने पायरीवर जामसिंग दिसला. बायको आणि मुलगी मागे उभ्या. तो आत आला नाही.

"दुसरा दुकानमां फिरनूत. तठे बी एक भाव कोणी सांगत नही," तो म्हणाला. "लिखेल भावमां देशात का, शेठजी? अनं हंडानं काय?"

घेवरचंदांनी गल्ल्यावर दोन्ही हात टेकले. शेजारचा दुकानदार पितांबर आपल्या ओट्यावरून बघत होता.

"चांदनी, चोवीसशेने लाव," ते अखेर म्हणाले. "हंड्याचे जास्तीचे त्यातून वजा कर." मान त्यांनी वर केली नाही.

संध्याने बिल दोनदा तपासलं. जामसिंगने पैसे दिले, डबे उचलले आणि रामराम न करता जीपच्या अड्ड्याकडे निघाला.

घेवरचंदांनी सुनेचा फोन मागून घेतला. चष्मा लावून ते एकेक फोटो बघत राहिले.

"पितळेला भाव ठेवू नकोस," ते म्हणाले. "ते वजनावर जातं, भाव रोज बदलतो."

"मग खाली वर्णनात लिहिते, आजच्या दराने वजनावर."

"लिही. आणि तो पुसलेला भाव परत टाक."

त्यांनी फोन तिच्या हातात दिला. जामसिंग पुन्हा या दुकानाची पायरी चढेल का, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं.