कटावरचं तेल

मारुतराव पोवारांचं वजन सलग तिसऱ्या महिन्यात वाढलं, तेव्हा आहारतज्ज्ञ शर्वरी चौगुलेचं डोकं फिरलं. त्यांच्या वहीत रोज सकाळची एकच ओळ होती: मोडाची मटकी, एक वाटी.

"काका, ही मटकी खाता कशात?"

"मिसळीत." कोल्हापुरात मटकी आणखी कशात खातात, असा त्यांचा चेहरा.

शर्वरीनं दात आवळून पेन उचललं आणि मिसळीबरोबर काय काय खाता, ते विचारून घेतलं. उसळीच्या दीडशे कॅलरी, मूठभर फरसाणाच्या तेवढ्याच, लोणी लावलेल्या दोन पावांच्या तीनशे. "आणि कट किती वेळा घेता?"

"तीनदा. तो मागाल तितका वाढतात, त्याला काय मोजायचं?"

"एका वाटीवर दोन छोटे चमचे तेल तरंगतं. त्याच्याच नव्वद कॅलरी. तीन वाट्यांच्या दोनशे सत्तर." बेरीज आठशे सत्तर झाली. नाश्त्याला तिनं चारशे लिहून दिल्या होत्या. "आजपासून लोणी बंद. आणि वरचं तेल काढल्याशिवाय कटाला तोंड लावायचं नाही."

महिन्यानं ते आले, काट्यावर उभे राहिले. काटा मागच्या आकड्यावरून हलला नव्हता.

"लोणी सोडलं का?"

"सोडलं."

"आणि तेल?"

"थेंब ठेवत नाही बघा. पाव नुसता वर टेकवला, की सगळं तेल टिपून घेतो."

शर्वरीनं पेन खाली ठेवलं. "आणि त्या पावाचं काय करता?"

"खातो की," मारुतराव म्हणाले. "लोणी तुम्हीच बंद केलंय, मग कोरडा पाव घशाखाली उतरायचा कसा?"