गुरुजींची सही

वाल्मीक गुरुजींचा हट्ट म्हणजे दगडावरची रेघ, आणि त्या दगडाशी शेवंताचा संसार होऊन छत्तीस वर्षं झाली होती. पण या वेळी त्या हट्टापायी लेकीच्या बाळंतपणाला जाणं अडलं होतं.

मनाली डब्लिनला नर्स. दोनदा गर्भ पडल्यावर आता आठवा महिना लागला होता आणि डॉक्टरांनी तिला पलंगावरून उठायला मनाई केली होती. नवरा रात्रपाळीला जायचा. "आई, तुम्ही दोघं याल ना गं?" ती रोज फोनवर विचारायची.

व्हिसाच्या अर्जाला गुरुजींच्या पेन्शनच्या खात्याचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट हवं होतं, तेही बँकेच्या शिक्क्याचं आणि अधिकाऱ्याच्या सहीचं. मोबाइलमधून काढलेला कागद चालणार नव्हता. अर्ज द्यायची वेळ सोमवारी सकाळी दहाची, मुंबईत. निकालाला आठ आठवडे धरा, असं एजंटाने बजावलं होतं. मनालीचे दिवस भरायला नऊ आठवडे उरले होते.

गुरुवारी दोघं भिवंडीतल्या शाखेत गेली. अर्ज गुरुजींनी शेवंताकडून लिहून घेतला होता: "माझ्या बचत खात्याचे मागील सहा महिन्यांचे प्रमाणित स्टेटमेंट व्हिसासाठी मिळावे, ही विनंती." खाली सही मात्र त्यांची. तिथल्या अधिकारी यामिनी मॅडमनी ती संगणकावरच्या जुन्या सहीशी ताडून पाहिली आणि अर्ज हलकेच परत सरकवला.

"सर, जुळत नाहीये."

कशी जुळणार? दोन वर्षांपासून कंपवात. पैसे एटीएममधून निघत होते, म्हणून कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. गुरुजींनी आणखी दोनदा सही केली. दोन्ही वेळा वेगळीच उमटली.

"नवीन सही नोंदवली तरी पुढच्या वेळी तीही जुळायला हवी," मॅडम म्हणाल्या. "त्यापेक्षा अंगठा द्या. दोन साक्षीदार लागतील, एक मी होते. दुसरा बँकेच्या ओळखीचा आणा. स्टेटमेंट लगेच देते."

"अंगठा मी देणार नाही."

गुरुजी हे इतक्या जोरात बोलले की रांग वळून बघायला लागली. शेवंताला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण कारण तिला ठाऊक होतं. या माणसाने शाळा सुटल्यावर वीस वर्षं कंदिलाखाली प्रौढांचे वर्ग घेतले होते. लूमवर पगाराच्या वहीत अंगठे उठवणाऱ्या वस्तीला त्याने सही शिकवली होती. स्वतःच्या आईचं बोट धरून तिचं नाव गिरवून घेतलं होतं.

शुक्रवारी सकाळपासून गुरुजी जुन्या वहीत सही घोटत बसले. बँक बंद व्हायच्या आत पुन्हा गेले, पुन्हा जुळली नाही, आणि पुन्हा अंगठ्याला नाही म्हणून परतले. शनिवार दुसरा, मग रविवार. शेवंता रविवारी रडली, मग चिडली.

"तुमचा अंगठा मोठा की माझी पोरगी?"

वहीची पानं संपली होती, म्हणून गुरुजी पुठ्ठ्यावर सही करत होते.

सोमवारी सकाळचे दहा वाजून गेले. एजंटाने फोन करून पुढची वेळ सांगितली, तीन आठवड्यांनंतरची. त्यावर आठ आठवडे मोजायला गुरुजींना वही लागली नाही. ते उठले, सदरा चढवला आणि म्हणाले, "चल. निदान बाळ तरी बघू."

शाखेत दुसरा साक्षीदार शोधावा लागला नाही. गुरुजींच्या प्रौढ वर्गातली, दापोड्याची रंगूबाई पासबुक भरायला आली होती. तिने दुरूनच हात जोडले.

"जयभीम गुरुजी! हातांना काय झालं वो?"

मॅडमनी अर्जावर बोट ठेवून जागा दाखवली. गुरुजींचा हात इतका कापत होता की शेवंतानेच मनगट धरून अंगठा शाईवर टेकवला, मग कागदावर. यामिनी मॅडमनी सही केली. मग पेन रंगूबाईकडे गेलं.

रंगूबाईने पदराने हात पुसला. खाली वाकून, जीभ दातांत धरून, एकेक अक्षर तोलत तिने नाव लिहिलं. मॅडमनी तिच्या खात्यावरची सही उघडून पाहिली. तंतोतंत जुळली.

तेवढ्यात शेवंताच्या पिशवीत फोन वाजायला लागला. मनालीचा होता. शेवंताने तो उचलला नाही.

"गुरुजी, बरोबर हाय ना?" रंगूबाईने कागद त्यांच्यापुढे धरला.

निळ्या ठशाखालचं ते नाव गुरुजी बराच वेळ बघत राहिले.

"बरोबर आहे," ते म्हणाले, आणि अंगठा सदऱ्याला पुसायला लागले.